कर्जाचा खरा दर किती? प्रोसेसिंग फी आणि विमा धरून हिशोब असा करतात

गावाकडे व्याज टक्क्यांत कमी आणि शेकड्यात जास्त बोललं जातं. "शेकडा दोनने दिलं" म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला दोन रुपये, वर्षाला 24 टक्के. ही जुनी पद्धत खरं तर फार सोयीची आहे, कारण तिच्यात एकच आकडा असतो. अडचण तेव्हा होते जेव्हा कर्ज शेकडा दोनने मंजूर होतं, पण हातात मंजूर रकमेपेक्षा कमी पैसे येतात. मग तो दर शेकडा दोनच राहतो का?

उत्तर आहे, नाही. आणि फरक वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो.

उदाहरण वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावचं घेऊ. सोयाबीन आणि तुरीवर चालणारा हा भाग. पीक कर्ज बँकेतून किंवा सोसायटीतून मिळतं, पण शिलाई मशीन, शेळ्या, किराणा दुकानाचा माल, मुलांची फी यासाठी महिलांच्या गटामार्फत मिळणारं मायक्रोफायनान्सचं कर्ज अनेक घरांत असतं. समजा, आसेगावातल्या एका ताईंनी असं 50,000 रुपयांचं कर्ज घेतलं. (ताई आणि कंपनी दोन्ही काल्पनिक आहेत, आकडे हिशोबासाठी ठरवलेले आहेत.)

मुदत 24 महिने. व्याज वर्षाला 24 टक्के, तेही घटत्या शिलकीवर. म्हणजे जेवढं मुद्दल बाकी, तेवढ्यावरच व्याज. महिन्याचा हप्ता 2,644 रुपये.

आता खात्यात पैसे जमा होतात तेव्हा काय दिसतं? प्रोसेसिंग फी दीड टक्का म्हणजे 750 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 135 रुपये, आणि ताई व त्यांच्या पतीच्या आयुर्विम्याचा दोन वर्षांचा हप्ता 1,615 रुपये. एकूण 2,500 रुपये आधीच कापलेले. खात्यात आले 47,500.

50,000 विसरा, 47,500 लक्षात ठेवा

इथेच सगळी मेख आहे. कंपनीच्या कागदावर कर्ज 50,000 चं आहे आणि हप्ताही 50,000 वरच काढलेला आहे. पण ताईंनी वापरायला घेतलेले पैसे 47,500 आहेत. खरा दर शोधायचा तर प्रश्न असा विचारावा लागतो: 47,500 रुपये उसने घेऊन 24 महिने दरमहा 2,644 रुपये परत केले, तर महिन्याचा व्याजदर किती धरला म्हणजे शेवटच्या हप्त्याला बाकी बरोबर शून्य होते?

ज्या दराला बाकी शून्य होते, त्या दराला म्हणतात इंटर्नल रेट ऑफ रिटर्न, म्हणजे आयआरआर. मराठीत त्याला अंतर्गत परतावा दर म्हणतात. नाव कंपन्यांच्या बैठकीतलं वाटतं, पण काम वहीतल्या हिशोबाचं आहे.

हा दर थेट सूत्राने निघत नाही, अंदाज घेत घेत शोधावा लागतो. आधी 2 टक्के धरून पाहू. पहिल्या महिन्यात 47,500 वर 950 रुपये व्याज, त्यातून 2,644 भरले की बाकी 45,806. दुसऱ्या महिन्यात 45,806 वर 2 टक्के, पुन्हा 2,644 वजा. असं 24 वेळा केलं की शेवटी ताईंनी सुमारे 4,035 रुपये जास्त भरलेले दिसतात. म्हणजे दर 2 टक्के नाही, त्याहून जास्त आहे.

मग 3 टक्के धरू. आता उलटं होतं. 24 हप्ते भरूनही सुमारे 5,534 रुपये बाकी राहतात. म्हणजे दर 3 पेक्षा कमी आहे. अडीच टक्के धरले तर फक्त 384 रुपये बाकी उरतात, म्हणजे आपण जवळ आलो. 2.46 टक्के धरले की बाकी उरते चार-पाच रुपये. झालं, दर सापडला.

कागदावर शेकडा दोन होतं. प्रत्यक्षात शेकडा 2 रुपये 46 पैसे आहे. वर्षाचा हिशोब 12 ने गुणून 29.5 टक्के.

मोबाइलवर एका ओळीत

24 वेळा वजाबाकी करत बसायची गरज नाही. मोबाइलवर गूगल शीट्स किंवा एक्सेल उघडा आणि कुठल्याही चौकटीत हे लिहा:

```
=RATE(24, -2644, 47500)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता, तिसरा हातात आलेली रक्कम. हप्त्याच्या आधी वजा चिन्ह आहे, कारण ते पैसे तुमच्याकडून जातात आणि कर्जाचे पैसे तुमच्याकडे येतात. दोन्हींना एकच चिन्ह दिलं तर शीट उत्तराऐवजी `#NUM!` दाखवते. उत्तर 0.295 असं आलं तर त्याचा अर्थ 29.5 टक्के.

हप्ते सगळे सारखे नसतील, म्हणजे एखादा मोठा, एखादा लहान, तर `RATE` चालत नाही. तेव्हा A1 मध्ये 47500 लिहायचं, त्याखाली A2 पासून A25 पर्यंत एकेक हप्ता वजा चिन्हासह लिहायचा आणि दुसऱ्या रकान्यात हे टाकायचं:

```
=IRR(A1:A25)*12
```

एक चूक सर्रास होते. तिसऱ्या आकड्यात 47,500 ऐवजी मंजूर रक्कम 50,000 टाकली जाते. मग शीट निमूटपणे 24 टक्के हे उत्तर देते आणि वाटतं की कंपनी खरंच बोलत होती. उत्तर जाहिरातीतल्या दराशी तंतोतंत जुळलं की आधी हा आकडा तपासावा.

हप्ता महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी किंवा आठवड्याने असेल तर 12 ऐवजी अनुक्रमे 26 किंवा 52 ने गुणायचं. गटाच्या कर्जात असे हप्ते असतात, त्यामुळे हे विसरू नये.

2,500 रुपयांनी साडेपाच टक्के कसे वाढले?

बऱ्याच जणांना हे पटत नाही. 50,000 वर 2,500 म्हणजे पाच टक्के, तेही दोन वर्षांसाठी. मग वर्षाला अडीच टक्केच वाढायला हवेत ना?

नाही, कारण ताईंकडे 50,000 रुपये दोन वर्षं राहतच नाहीत. पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जायला लागतं. या कर्जात दोन वर्षांची सरासरी बाकी काढली तर ती 28,000 रुपयांच्या आसपास येते. फी मात्र पूर्ण 50,000 वर घेतली जाते, आणि ती पहिल्याच दिवशी घेतली जाते. थोडक्यात, वापर निम्म्या रकमेचा आणि फी पूर्ण रकमेवर. म्हणून फीचा भार वर्षाला अडीच टक्के वाटला तरी तो जवळपास दुप्पट पडतो.

या साडेपाच टक्क्यांत कोणाचा वाटा किती, तेही पाहता येतं. विमा बाजूला ठेवून फक्त फी आणि जीएसटी कापला असता तर हातात 49,115 रुपये आले असते. त्याचा दर येतो 25.9 टक्के. म्हणजे फीमुळे दर 24 वरून 25.9 झाला आणि विम्यामुळे 25.9 वरून 29.5. मोठा वाटा विम्याचा आहे, आणि गंमत म्हणजे कर्ज घेताना घासाघीस होते ती फीवर.

काही ठिकाणी पैसे कापत नाहीत. "ताई, तुम्हाला पूर्ण 50,000 मिळतील" असं सांगतात आणि फी-विम्याचे 2,500 कर्जातच जोडतात. कर्ज होतं 52,500 चं, हप्ता होतो 2,776. हातात 50,000 धरून `RATE` काढला तर उत्तर 29.2 टक्के. म्हणजे फरक नावापुरताच.

विमा म्हणजे नुसता खर्च नाही, पण…

विम्याला सरसकट लूट म्हणणं बरोबर नाही. कर्जदाराचा किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला तर या विम्यातून कर्ज फिटतं आणि मागे राहिलेल्यांवर हप्त्यांचा भार येत नाही. शेतावर आणि मजुरीवर चालणाऱ्या घरात ही लहान गोष्ट नाही.

पण तुलना करायला हवी. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत 436 रुपयांत एक वर्षासाठी 2 लाख रुपयांचं विमा संरक्षण मिळतं. 18 ते 50 वयाच्या, बँकेत किंवा पोस्टात खातं असलेल्या व्यक्तीला त्यात सहभागी होता येतं. नवरा-बायको दोघांचा दोन वर्षांचा हप्ता होतो 1,744 रुपये. ताईंकडून घेतलेल्या 1,615 पेक्षा थोडा जास्त. मात्र तिथे प्रत्येकी 2 लाखांचं संरक्षण आहे आणि पैसे थेट वारसाला मिळतात. कर्जासोबतच्या विम्यात संरक्षण साधारण कर्जाच्या रकमेएवढं असतं, काही पॉलिसींत तर कर्जाची बाकी कमी होईल तसं तेही कमी होत जातं. या सरकारी योजनेत नव्याने सहभागी झाल्यावर पहिले 30 दिवस अपघाती मृत्यू सोडून इतर कारणांसाठी दावा मिळत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

ज्यांच्याकडे ही योजना आधीच आहे, त्यांनी कर्ज अधिकाऱ्याला सरळ विचारावं की विमा घेतला नाही तर चालेल का. मायक्रोफायनान्सबद्दल रिझर्व्ह बँकेने 14 मार्च 2022 रोजी जे नियम काढले, त्यात कर्जाव्यतिरिक्तची उत्पादनं कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच द्यायची आणि त्यांचं शुल्क कर्ज कार्डावरच स्पष्ट कळवायचं, असं म्हटलं आहे. हे नियम वार्षिक उत्पन्न 3 लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या विनातारण कर्जांना लागू होतात.

हा दर कंपनीनेच लिहून द्यायचा असतो

हा सगळा हिशोब कर्जदाराने करायची खरं तर वेळ येऊ नये. रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 रोजी परिपत्रक काढून बँका, सहकारी बँका आणि बिगरबँक वित्तीय कंपन्यांना वैयक्तिक तसेच लघु-मध्यम उद्योगांच्या कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलं. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या कर्जांना ते लागू आहे. या कागदावर एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहावा लागतो. विम्यासारखे तिसऱ्या कंपनीच्या नावाने घेतलेले पैसेही त्यात धरायचे असतात. कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. कर्जाची मुदत 7 दिवस किंवा जास्त असेल तर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. आणि त्या कागदावर नसलेलं कोणतंही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

रिझर्व्ह बँकेने स्वतः एक नमुना हिशोब दिला आहे. कर्ज 20,000, मुदत 24 महिने, व्याज 15 टक्के, हप्ता 970, सुरुवातीचे खर्च 400. हातात 19,600. एपीआर 17.07 टक्के. वर दिलेलं `RATE` याच आकड्यांवर चालवून पाहिलं तर उत्तर तिथेच येतं, दुसऱ्या दशांशात थोडा फरक पडतो तो हप्ता पूर्ण रुपयांत केल्यामुळे.

या नमुन्यातून एक तांत्रिक गोष्टही कळते. महिन्याचा दर 12 ने गुणला आहे, चक्रवाढ केलेला नाही. ताईंच्या 2.46 टक्क्यांची चक्रवाढ केली तर वर्षाचा दर 29.5 नाही तर जवळपास 33.9 टक्के येतो. दोन्ही आकडे चुकीचे नाहीत, पण दोन कर्जांची तुलना करताना दोन्हीकडे एकच पद्धत हवी. सोशल मीडियावर कर्जाच्या दरावरून होणारे बरेच वाद या एका गोष्टीमुळे होतात.

एपीआरमध्ये काय नसतं तेही माहीत हवं. हप्ता चुकला तर लागणारा दंड, चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेल्याचं शुल्क असे 'घडलं तरच' लागणारे खर्च त्यात येत नाहीत. ते त्याच कागदावर वेगळे लिहिलेले असतात.

दर जास्त, तरी कर्ज स्वस्त

समजा, ताईंना दुसऱ्या एका कंपनीने 27 टक्क्यांनी कर्ज देऊ केलं. फी अर्धा टक्का, जीएसटी धरून 295 रुपये, विम्याची सक्ती नाही. हप्ता 2,719. पहिल्या कंपनीपेक्षा दर तीन टक्क्यांनी जास्त आणि हप्ता 75 रुपयांनी जास्त. गटाच्या मीटिंगमध्ये दोन्ही आकडे सांगितले तर बहुतेक जणी पहिली कंपनी निवडतील.

पण इथे हातात 49,705 रुपये येतात. `RATE` मध्ये टाकलं की दर निघतो 27.6 टक्के, म्हणजे पहिल्या कंपनीच्या 29.5 पेक्षा कमी. ज्या घरात विमा आधीच आहे, त्यांच्यासाठी 27 टक्क्यांचं कर्ज 24 टक्क्यांच्या कर्जापेक्षा स्वस्त आहे. ज्यांना विमा हवाच आहे, त्यांनी विमा वगळून म्हणजे 25.9 आणि 27.6 अशी तुलना करावी. तिथे पहिली कंपनी पुढे जाते. त्यामुळे आधी विम्याचं ठरवायचं आणि मग दर बघायचा.

'फ्लॅट' दराची गोष्ट याहून वेगळी. 12 टक्के फ्लॅट म्हणजे 50,000 वर दोन वर्षांचं 12,000 व्याज आधीच जोडून 62,000 चे 24 हप्ते. हप्ता 2,583. एक रुपयाही फी नसताना याचा खरा दर 21.6 टक्क्यांच्या आसपास येतो. फ्लॅट दर ऐकला की तो जवळपास दुप्पट समजायचा, आणि अचूक आकड्यासाठी हप्ता `RATE` मध्ये टाकायचा.

लवकर फेडलं तर?

सोयाबीन विकून हातात पैसे आले की कर्ज मोकळं करावं, असं कोणालाही वाटतं. मायक्रोफायनान्सच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, हा 2022 च्या नियमांतला भाग आहे. पुढचं व्याज वाचतं हेही खरं. पण सुरुवातीला कापलेले 2,500 परत मिळत नाहीत आणि आता ते कमी महिन्यांवर विभागले जातात.

ताईंनी सहावा हप्ता भरून त्याच दिवशी उरलेलं मुद्दल 39,629 रुपये एकरकमी दिलं, असं धरू. शीटमध्ये A1 ला 47500, मग पाच वेळा -2644 आणि सहाव्या ठिकाणी हप्ता व एकरकमी मिळून -42273. `IRR` काढून 12 ने गुणलं की उत्तर येतं 36 टक्के, म्हणजे शेकडा तीन.

याचा अर्थ लवकर फेडू नये असा नाही. रुपयांत पाहिलं तर पूर्ण मुदतीत ताई हातात आलेल्या रकमेवर 15,956 रुपये जास्त देणार होत्या, सहा महिन्यांत फेडल्यावर ते 7,993 होतात. पैसे वाचतातच. पण सहा महिन्यांनी फेडायचंच आहे हे आधीपासून माहीत असेल, तर 24 महिन्यांचं, फी आणि विमा पूर्ण मुदतीचा कापणारं कर्ज त्या कामासाठी महाग आहे. कर्ज बंद करताना उरलेल्या मुदतीच्या विम्याचे पैसे परत मिळतात का, हे लेखी विचारावं. काही पॉलिसींत ते मिळतात, पण मागितल्याशिवाय क्वचितच कोणी सांगतं.

पतसंस्था आणि सावकार

रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक पतसंस्थांना लागू नाही, त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. सावकारांसाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आहे. म्हणजे या दोन्ही ठिकाणी एपीआर लिहिलेला कागद मिळेलच असं नाही. शेअरची रक्कम, प्रवेश फी, सक्तीची ठेव अशा नावांनी पतसंस्थेत पैसे कापले जातात. यातली शेअरची रक्कम आणि ठेव परत मिळणारी असेल तर ती शेवटच्या महिन्यात अधिक चिन्हाने लिहायची. म्हणजे 2,644 च्या शेवटच्या हप्त्यासोबत 1,000 रुपयांचे शेअर परत मिळणार असतील तर A25 मध्ये -1644 येईल. बाकी हिशोब तोच राहतो, पहिल्या चौकटीत मात्र प्रत्यक्ष हातात आलेली रक्कमच हवी.

बँका आणि वित्तीय कंपन्यांच्या बाबतीत लिहून दिलेला एपीआर आणि तुमचं उत्तर यात अर्ध्या-एक टक्क्याचा फरक आला तर आधी हप्त्यांची संख्या आणि पहिल्या हप्त्याची तारीख पाहावी. पैसे मिळाल्यापासून पहिला हप्ता 30 ऐवजी 45 दिवसांनी असेल तर `RATE` थोडं चुकतं. तेव्हा एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा लिहून `XIRR` वापरावं लागतं. त्याचं उत्तर चक्रवाढ दराचं असतं, त्यामुळे ते 29.5 शी नाही तर 33.9 शी ताडून पाहायचं. फरक त्याहून मोठा असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तक्रारीला की फॅक्ट स्टेटमेंट, कर्ज कार्डाचा फोटो आणि खात्यात नेमके किती पैसे जमा झाले ते दाखवणारं पासबुकाचं पान जोडावं.